पेरूचे चार क्रेट आणि शनिवारची गाडी : फळविक्रीतला रोजचा नफा

प्रश्न : माझे वडील हातगाडीवर फळे विकतात आणि माल मार्केट यार्डातून आणतात. मी अकरावी वाणिज्य शाखेत शिकते आणि त्यांची वही लिहिते. विक्रीतून खरेदी वजा केली की महिन्याचा नफा चांगला दिसतो, पण हातात तेवढे पैसे नसतात. काही दिवशी तर तोटाच दिसतो. नासलेली फळे, बाजारातले खर्च आणि रात्री उरलेला माल धरून रोजचा खरा नफा कसा काढायचा? नासाडी वेगळी वजा करायची का?

उत्तर : पुण्याच्या गुलटेकडी मार्केट यार्डात फळांच्या गाळ्यावर मी चोवीस वर्षे दिवाणजी होतो. त्या काळात आमच्याकडून माल नेणाऱ्या एका गाडीवाल्यांची मुलगी तुमच्यासारखीच वही घेऊन गाळ्यावर आली होती. तिच्या दोन दिवसांचा हिशेब मला जवळजवळ पाठ आहे, कारण तो आम्ही तीन वेळा मांडला आणि तिन्ही वेळा उत्तर वेगळे आले. तोच इथे सांगतो. भाव त्या दिवसांचे आहेत, तुमचे वेगळे असतील. मांडणी मात्र तीच राहील.

दोन दिवस म्हणजे शुक्रवार आणि शनिवार. यार्डातला फळबाजार शनिवारी बंद असतो, त्यामुळे गाडीवाले शुक्रवारी दोन दिवसांचा माल उचलतात. तिच्या वडिलांनी शुक्रवारी पहाटे पेरूचे चार क्रेट घेतले. क्रेटचे वजन सोडून प्रत्येकात २० किलो, म्हणजे ८० किलो, आणि भाव किलोला ४० रुपये. वहीत तिने शुक्रवारची खरेदी ३२०० आणि विक्री ३४०० लिहून नफा २०० काढला होता. शनिवारी खरेदी नव्हती आणि विक्री १३७० झाली, म्हणून त्या दिवशीचा नफा सरळ १३७० लिहिला. दोन दिवसांचे १५७०. ती मला म्हणाली, “काका, शुक्रवारी पप्पा उगाच राबतात असं वाटतं आणि शनिवारी लॉटरी लागते असं वाटतं. दोन्ही खरं नसणार.” तिच्या मनात शंका आली होती, म्हणजे अर्धे काम आधीच झाले होते.

पहिली चूक खरेदीच्या आकड्यात होती. गाळ्यावरचा भाव ४० रुपये असला, तरी गाडीवर येईपर्यंत तो पेरू ४० रुपयांचा राहत नाही. २०१६ साली राज्यात फळे-भाजीपाल्याचे नियमन बदलले आणि आडत, म्हणजे गाळेवाल्याची दलाली, शेतकऱ्याच्या पट्टीतून न कापता खरेदीदाराकडून घेण्याचे ठरले. म्हणजे ती तुमच्या वडिलांच्या बिलात येते. तिच्या बिलात ती शेकडा ६ प्रमाणे १९२ रुपये होती. तुमच्या बिलातला दर स्वतः वाचून घ्या, ऐकीव दर धरू नका. हमाली आणि तोलाई मिळून ४८ रुपये झाले होते. चार-पाच गाडीवाल्यांनी मिळून केलेल्या टेम्पोत तिच्या वडिलांचा वाटा क्रेटमागे ४० याप्रमाणे १६० रुपये होता. हे सगळे ४०० रुपये झाले. ३२०० चा माल ३६०० ला पडला, म्हणजे किलोला ४५.

इथे एक गोष्ट वगळायची असते. बिलाबरोबर क्रेटची अनामत घेतात आणि तिने ती एकदा खर्चात धरली होती. रिकामा क्रेट परत केला की ती रक्कम परत मिळते, म्हणून ती खर्च नव्हे, नुसते गुंतलेले पैसे आहेत. क्रेट फुटला किंवा हरवला तर त्या दिवशी मात्र ती रक्कम खर्चात टाकावी. सकाळी खिशातून गेलेले पैसे आणि मालाची किंमत हे दोन आकडे जुळत नाहीत, याचे एक कारण बहुधा हेच असते.

आता गाडी लावण्याची वेळ. क्रेट ओतून पेरू निवडताना तळाचे काही दबलेले निघतात, काहींना देठाजवळ काळा डाग असतो, आणि पावसाळ्यात फळमाशीचे छिद्र पडलेले पेरू वरून चांगले दिसून आत किडलेले असतात. त्या सकाळी असे ५ किलो बाजूला काढावे लागले. विकण्याजोगे ७५ किलो राहिले, पण पैसे ३६०० च गेले होते. ३६०० भागिले ७५, म्हणजे किलोला ४८. गाळ्यावर ४०, गाडीपाशी ४५ आणि निवडून झाल्यावर ४८, अशा तीन किमती एकाच पेरूला आहेत. विकायचा भाव ठरवताना यातली शेवटचीच कामाची. तिचे वडील मनात ४० धरून भाव सांगत होते, त्यामुळे रात्री ५० रुपयांनी पेरू दिला तरी किलोमागे १० सुटले असे त्यांना वाटायचे. सुटत होते ते २ रुपये.

यानंतर दिवसाचे खर्च. जागेची पावती, कागदी पिशव्या, रात्री गाडी ठेवण्याचे भाडे आणि चहा-नाश्ता मिळून रोज २०० रुपये जात होते आणि ते शनिवारीही चुकत नव्हते. आता दोन्ही दिवसांची एकत्र बेरीज करा. विक्री ३४०० आणि १३७०, म्हणजे ४७७०. माल ३६०० चा, दोन दिवसांचे खर्च ४००. उरले ७७०. तिच्या वहीतले १५७० आणि हे ७७० यांतला ८०० रुपयांचा फरक म्हणजे बाजारातले ४०० आणि गाडीवरचे ४००, दुसरे काही नाही. तुम्ही म्हणता ते “हातात नसलेले” पैसे मुख्यतः इथेच सापडतील.

आता तुमचा दुसरा प्रश्न. ७७० आकडा आल्यावर तिनेही लगेच विचारले, “आणि नासाडी? ती कुठे वजा केली?” दोन दिवसांत सकाळचे ५ किलो आणि शनिवारपर्यंत मऊ पडून किंवा सुकून गेलेले आणखी ५ किलो मिळून १० किलो वाया गेले होते. तिने ४८ च्या भावाने ४८० रुपये वजा करून नफा २९० काढला. हे चुकीचे आहे, आणि या चुकीत वाणिज्यातले विद्यार्थीच जास्त अडकतात. नासलेल्या पेरूचे पैसे खरेदीच्या ३६०० मध्ये एकदा वजा झालेले आहेत. तो पेरू विक्रीत आला नाही, शिल्लक मालातही आला नाही, म्हणजे त्याचा तोटा आपोआप हिशेबात बसला. पुन्हा वजा केला तर एकाच पेरूचा तोटा दोनदा धरला जातो. नासाडी लिहायची ती किलोत आणि वेगळ्या रकान्यात. तिचा उपयोग भाव ठरवायला आणि खरेदी किती करावी हे कळायला होतो.

खरा अवघड भाग पुढे आहे. दोन दिवसांचा नफा ७७० हे पक्के झाले, पण शुक्रवारचा किती आणि शनिवारचा किती? त्यासाठी शुक्रवारी रात्री गाडीवर उरलेल्या मालाला किंमत लावावी लागते. रोजच्या हिशेबाचे सूत्र असे आहे : सकाळी शिल्लक असलेल्या मालाची किंमत, अधिक आजची खरेदी तिच्या खर्चांसह, वजा रात्री उरलेल्या मालाची किंमत, हा झाला विकलेल्या मालाचा खर्च. विक्रीतून तो आणि दिवसाचे खर्च वजा केले की नफा. कालची शिल्लक ही आजची खरेदीच समजायची, फरक एवढाच की ती आपण आपल्याकडूनच घेतली.

शुक्रवारी ४५ किलो विकले गेले होते, त्यांतले ३५ किलो ८० च्या भावाने आणि रात्री आठनंतरचे १० किलो ६० च्या भावाने. उरले ३० किलो. तिने पुस्तकात शिकल्याप्रमाणे ते ४८ रुपयांनी धरले, म्हणजे १४४० रुपये. तसे केले की शुक्रवारचा विकलेला माल २१६० चा होतो आणि नफा १०४० येतो. शनिवारी मात्र १३७० च्या विक्रीतून १४४० आणि २०० वजा होऊन २७० चा तोटा येतो. आधी शनिवारी लॉटरी लागत होती, आता शनिवारी खड्डा पडला. ती म्हणाली, “मग शनिवारी गाडी लावूच नये?”

इथे मी तिला गाडीपाशी घेऊन गेलो, कारण हे वहीत दिसत नाही. शुक्रवारी सकाळी जो पेरू हिरवा आणि करकरीत होता, तो रात्री पिवळसर झालेला होता. अंगठ्याने देठाच्या उलट्या टोकाला हलके दाबले तर काही पेरू दबत होते. तिच्या वडिलांना मी विचारले की यांतले उद्या काय होईल. त्यांनी ढिगाकडे पाहून न मोजता सांगितले, “पाच किलो जाणार. पंधरा किलो सत्तरनं जाईल दुपारपर्यंत. राहिलेला चाळीसनं काढायचा.” हीच त्या मालाची त्या रात्रीची किंमत. १५ किलोचे १०५० आणि १० किलोचे ४००, मिळून १४५०. ते मिळवण्यासाठी शनिवारी होणारा २०० चा खर्च वजा केला की १२५०. ४८ रुपयांचा भाव सकाळच्या पेरूचा होता आणि तो पेरू आता गाडीवर नव्हता.

नियम असा की उरलेला माल तो आपल्याला जितक्याला पडला त्या किमतीने धरावा किंवा त्यातून खर्च जाऊन मिळू शकणाऱ्या रकमेने धरावा, यांत जी कमी असेल ती घ्यावी. १४४० आणि १२५० यांत १२५० कमी. आता शुक्रवारचा नफा ८५० येतो. शनिवारी १३७० मधून १२५० आणि २०० वजा होऊन ८० रुपयांचा तोटा. या ८० चा अर्थ समजून घेण्यासारखा आहे. या पद्धतीने शनिवारचे उत्तर शून्य यायला हवे होते, कारण जे मिळणार ते आपण आदल्या रात्रीच धरले होते. ८० कमी आले, कारण ४० च्या भावाचे १० किलो जातील असा अंदाज होता आणि गेले ८ किलो. २ किलो घरी गेले. म्हणजे ८० ही वडिलांच्या अंदाजातली चूक आहे, आणि १४५० च्या अंदाजात ८० ची चूक ही फार चांगली नजर म्हणायची. ही चूक रोज एकाच बाजूला पडू लागली, तर समजावे की शिल्लक मालाची किंमत मनाच्या समाधानासाठी चढवून लावली जात आहे.

मग शनिवारी गाडी लावायची की नाही? त्यासाठी ४८, १४४० किंवा १२५० यांतला एकही आकडा लागत नाही. शुक्रवारी रात्री शेजारचा गाडीवाला तो ३० किलोचा ढीग सरसकट २५ रुपयांनी घ्यायला तयार होता, म्हणजे ७५० रुपये आणि शनिवारी सुट्टी. गाडी लावल्यावर १३७० आले आणि २०० गेले, म्हणजे ११७० हाती राहिले. गाडी लावण्याची शनिवारची कमाई ४२० रुपये झाली. वहीत ८० तोटा आणि प्रत्यक्षात ४२० ची कमाई, ही दोन्ही उत्तरे बरोबर आहेत. पहिले विचारते की अंदाज किती खरा ठरला, दुसरे विचारते की आज घरी बसलो असतो तर काय झाले असते. रात्री साडेनऊला पेरू ४० ने द्यावा की नाही, हेही असेच ठरते. तो कितीला पडला हे विसरावे आणि उद्या दुपारी त्याचे किती येतील एवढेच पाहावे.

आता मला सगळ्यात महत्त्वाचे वाटते ते. चौथा क्रेट घ्यायलाच हवा होता का? तीन क्रेट घेतले असते तर माल २७०० ला पडला असता आणि निवडून साधारण ५६ किलो राहिले असते. शुक्रवारी तेवढेच ४५ किलो विकले गेले असते, कारण त्या दिवशी माल कमी पडलाच नव्हता. उरलेल्या ११ किलोंतले दोन वाया गेले असे धरले, तर ९ किलो शनिवारी दुपारपर्यंत ७० च्या भावाने, म्हणजे ६३० ला गेले असते. ३४०० अधिक ६३०, त्यातून २७०० आणि ४०० वजा केले की ९३० राहतात. चार क्रेटमध्ये ७७०, तीन क्रेटमध्ये ९३०. चौथा क्रेट विकला गेला, त्याचे पैसे गल्ल्यात आले, तरीही त्याने १६० रुपये खाल्ले. गल्ल्याकडे पाहून हे कधीच कळत नाही, कारण गल्ला चार क्रेटलाच जास्त भरलेला दिसतो.

हे ऐकून वडील गप्प बसले नाहीत. “गाडी अर्धी दिसली की गिऱ्हाईक थांबत नाही. उरलासुरला माल आहे असं समजून पुढं जातं,” असे ते म्हणाले, आणि हे खरे आहे, गाडीवर उभे न राहिलेल्या माणसाने त्याला हसू नये. त्यांनी तोड अशी काढली की शुक्रवारी पेरूचे तीन क्रेट घ्यायचे आणि मोकळ्या जागेत मोसंबी रचायची. मोसंबी आठवडाभर टिकते, तिची रात्रीची किंमत सकाळच्या किमतीजवळच राहते. चिकूचे मात्र उलटे असते. कडक आणलेला चिकू दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पिकतो तेव्हा जास्त भावाने जातो, म्हणून तो रात्री उरला तर घाबरू नये. पण विकण्याआधी त्याला पडलेल्या किमतीपेक्षा जास्त किंमतही लावू नये. पिकला की मात्र सगळा ढीग एकदमच पिकतो आणि त्यानंतर त्याच्या हातात एकच दिवस असतो.

रोज किती विकले हे वडिलांना विचारून लिहू नका, ते कोणालाच आठवत नसते. रात्री फक्त दोनदा वजन करा : उरलेला माल आणि फेकायचा माल. सकाळची शिल्लक आणि आजची खरेदी यांच्या किलोतून हे दोन्ही आणि घरी नेलेले वजा केले की विकलेले किलो निघतात. शिळ्या मालात पाणी उडून वजन घटते, ३० किलोत किलोभर कमी भरले तर चोरी समजू नका. मग विक्रीच्या रकमेला त्या किलोंनी भागा. तिच्या शुक्रवारी ३४०० भागिले ४५, म्हणजे सुमारे साडेपंच्याहत्तर रुपये आले, आणि ८० व ६० अशा दोन भावांना ते जुळत होते. हा सरासरी भाव ६० च्या खाली आला, तर कुठेतरी गळती आहे हे नक्की.

गळती बहुतेक वेळा तीन ठिकाणी असते. पहिली क्यूआर कोडवर आलेल्या पैशांची. ते बँकेत जातात आणि गल्ल्यात दिसत नाहीत. विक्री म्हणजे गल्ल्यातली रोकड, अधिक खात्यात आलेले, अधिक उधारी, वजा सकाळी ठेवलेली चिल्लर. दुसरी म्हणजे दिवसा गल्ल्यातून घरासाठी उचललेले पैसे. गॅसची टाकी आली आणि गल्ल्यातून पैसे दिले, तर ते विक्रीत परत मिळवून घरखर्चात लिहावे लागतात, नाहीतर त्या दिवशी धंद्यात तोटा दिसतो. तुम्हाला अधूनमधून दिसणाऱ्या तोट्याचे, शुक्रवार सोडला तर, हे कारण आधी तपासा. तिसरी गळती झुकत्या मापाची. किलोमागे ५० ग्रॅम जास्त गेले तरी ४५ किलोंत सव्वादोन किलो जातात. ते बंद करा असे मी म्हणणार नाही, कारण गिऱ्हाईक त्यासाठीच परत येते. फक्त ते किती जाते हे माहीत असावे.

माल घ्यायला सकाळी ९०० उसने घेऊन संध्याकाळी १००० परत करण्याचा व्यवहार तुमच्याकडे असेल, तर ते १०० रुपये दिवसाच्या खर्चात लिहा. वर दाखवलेल्या ७७० समोर तो आकडा ठेवून पाहिलात, की दोन दिवसांत त्याने किती खाल्ले हे वडिलांना वेगळे सांगावे लागणार नाही.

शेवटी, त्या ७७० ला मी नफा म्हणत आलो ते सोयीसाठी. त्यातून वडिलांची पहाटे पाच ते रात्री दहापर्यंतची दोन दिवसांची मजुरी अजून दिलेली नाही. वहीत ती रोज वजा करू नका, कारण ती प्रत्यक्षात कोणाला दिली जात नाही. महिन्याच्या शेवटी एकूण रकमेला कामाच्या दिवसांनी भागून तो आकडा पानाच्या तळाशी लिहा. त्या मुलीने पहिल्या महिन्याचा आकडा लिहून वही वडिलांसमोर ठेवली. त्यांनी तो पाहिला, काही बोलले नाहीत, आणि पुढच्या शुक्रवारी माझ्याकडून पेरूचे तीनच क्रेट नेले.